निरोपाच्या भाषणाची बांधणी

निरोपाच्या चांगल्या भाषणात चार गोष्टी ठरावीक क्रमाने येतात: सुरुवात, आठवण, शुभेच्छा आणि समारोप. सुरुवातीत कोण निघालं आहे आणि बोलणाऱ्याचं त्याच्याशी नातं काय, हे कळतं. आठवणीत त्या माणसाची एखादी कृती श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. शुभेच्छेत त्याच्या पुढच्या दिवसांसाठी काही मागितलं जातं. समारोपात बोलणं थांबतं आणि निरोप प्रत्यक्ष दिला जातो. हे चार भाग सारख्या लांबीचे नसतात. चार मिनिटांच्या भाषणात सुरुवातीला अर्धा मिनिट पुरतो, आठवणीला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात, शुभेच्छा पाऊण मिनिटात होते आणि उरलेल्या वेळात समारोप. भाषणाचा सगळा भार आठवणीवर असतो. ती पोकळ असेल तर बाकीचे तीन भाग कितीही घोटून तयार केले तरी भाषण उभं राहत नाही.

या प्रकारच्या भाषणाचा विचार फार जुना आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला, मेनँडर या वक्तृत्वशास्त्रज्ञाच्या नावावर असलेला एक ग्रीक ग्रंथ आहे. त्यात निरोप देणाऱ्याचं भाषण आणि निरोप घेणाऱ्याचं भाषण हे दोन स्वतंत्र प्रकार मानले आहेत. निरोप देणाऱ्याच्या भाषणाचे पुन्हा नात्यावरून तीन पोटभेद केले आहेत. मोठा माणूस धाकट्याला निरोप देत असेल तर त्याला उपदेश करता येतो. बरोबरीचे असतील तर स्नेह बोलावा. धाकटा मोठ्याला निरोप देत असेल तर त्याने गुणगौरव करावा. भाषणाचा शेवट प्रवास सुखरूप होवो अशा प्रार्थनेने करावा, असंही तिथे सांगितलं आहे. नात्याचा हा विचार आजही तितकाच उपयोगी आहे. साठीच्या माणसाच्या निरोप समारंभात तिशीतला सहकारी उठतो आणि 'आता तब्येतीची काळजी घ्या, रोज चालायला जा, गोड कमी खा' असं सुनावतो, तेव्हा हेतू चांगला असूनही ते कानाला खटकतं. धाकट्याच्या तोंडी मोठ्याचं भाषण आल्यामुळे तसं होतं.

महाराष्ट्रात अशा भाषणाचा प्रसंग सर्वाधिक वेळा येतो तो सेवानिवृत्तीला. राज्य शासनाचे कर्मचारी साधारणपणे 58व्या वर्षी आणि 'ड' गटातले 60व्या वर्षी निवृत्त होतात, आणि ज्या महिन्यात ते वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या अखेरीस सेवा संपते. ज्यांचा जन्म महिन्याच्या 1 तारखेचा, ते आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतात. एके काळी शाळेत नाव घालताना अनेक मुलांची जन्मतारीख सरसकट 1 जून लावली गेली. त्यामुळे 31 मे हा राज्यातला निरोप समारंभांचा मोठा दिवस होऊन बसला आहे. कार्यालयांना त्याची अडचण नसते. शाळांना असते, कारण तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी चालू असते आणि ज्या मुलांसमोर निरोप द्यायचा ती मुलंच हजर नसतात. म्हणून शाळा बहुधा एप्रिलच्या अखेरीस, सुट्टी लागण्याआधी समारंभ उरकून घेतात.

पुढचा नमुना अशाच एका समारंभासाठी बांधलेला आहे. तालुक्याच्या गावापासून थोडी आत असलेली माध्यमिक शाळा. तिथले शिपाई 31 मे रोजी निवृत्त होणार आहेत. मुलं आणि शिक्षक सगळेच त्यांना 'मामा' म्हणतात. समारंभ एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आहे. मामांचा सपत्नीक सत्कार, शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक, दोन विद्यार्थ्यांची आणि दोन शिक्षकांची मनोगतं, मग सत्कारमूर्तीचं उत्तर, अध्यक्षीय भाषण आणि आभार. त्या दोन शिक्षकांपैकी एक विज्ञानाचे शिक्षक आहेत. बारा वर्षं त्यांनी मामांबरोबर काढली आहेत आणि त्यांना चार मिनिटं मिळाली आहेत. मराठीत सावकाश, समोरच्यांना समजेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभर ते एकशे वीस शब्द होतात. म्हणजे त्यांच्या हाती जास्तीत जास्त चारशे ऐंशी शब्द आहेत. टाळ्या आणि हशा यांना वेळ सोडायचा तर चारशेच धरलेले बरे.

भाषण बोललं जातं सुरुवातीपासून, पण लिहायला घ्यायचं आठवणीपासून. या शिक्षकांनी पहिल्यांदा जे लिहून काढलं, ते असं होतं: 'मामा हे अत्यंत मनमिळाऊ, प्रेमळ, वक्तशीर आणि कर्तव्यदक्ष व्यक्तिमत्त्व. कोणतंही काम सांगा, मामा कधी नाही म्हणाले नाहीत. त्यांनी शाळेसाठी आयुष्य वेचलं.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी ते कामाचं नाही, आणि हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मामांच्या जागी शेजारच्या शाळेतल्या लिपिकाचं नाव घालून तोच परिच्छेद पुन्हा वाचावा. तो तिथेही तसाच्या तसा बसतो. जे कोणालाही बसतं ते या माणसाचं नव्हे. स्तुती गुणांच्या नावांनी उभी राहत नाही, ती कृतीतून दाखवावी लागते, हे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथात सांगून ठेवलं आहे. 'वक्तशीर' हा शब्द श्रोता ऐकून सोडून देतो. मामांनी कधी, कुठे, कोणासाठी काय केलं हे सांगितलं, तर 'वक्तशीर' हा शब्द श्रोता स्वतःच मनात उच्चारतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष त्याला पटलेला असतो.

मग अशी कृती शोधायची कशी? बोलणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यात बहुधा मोठे प्रसंग आधी येतात: शाळेचा सुवर्णमहोत्सव, वादळात उडालेले पत्रे, दहावीच्या परीक्षेतली धावपळ. मोठ्या प्रसंगांची अडचण अशी की त्यात पुष्कळ माणसं असतात आणि निघणारा माणूस गर्दीत हरवतो. शिवाय ते प्रसंग इतर वक्तेही सांगणारच असतात. रोज घडणारी, लहानशी आणि फक्त त्याच माणसाच्या हातून होणारी गोष्ट जास्त उपयोगी पडते. आपल्या विज्ञान शिक्षकांना अशी एक गोष्ट आठवली, घंटेची. प्रार्थनेची घंटा 10:40 ची, पण ती नेहमी दोन-तीन मिनिटं उशिरा व्हायची. नोकरीला लागले तेव्हा त्यांना याचा राग यायचा. एकदा ते घड्याळ हातात धरून घंटेजवळ जाऊन उभे राहिले. मामा हातोडी घेऊन तिथे आधीच उभे होते आणि घंटेकडे पाठ करून रस्त्याकडे बघत होते. वाड्यांवरची मुलं घेऊन येणारी एसटी फाट्यावर 10:35 ला पोचते, आणि तिथून फाटकापर्यंत मुलांना सहा-सात मिनिटं लागतात. शेवटचं मूल फाटकातून आत आलं आणि मामांनी टोला दिला.

आठवण चांगली आहे, पण ती अशीच व्यासपीठावर न्यायची नसते. सत्कारमूर्ती नियम मोडत होते, असं मुख्याध्यापकांसमोर आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसमोर जाहीर सांगणं त्यांना अवघड वाटू शकतं. निरोपाच्या भाषणात सगळ्यात मोठा धोका हाच असतो. बोलणाऱ्याला जी गोष्ट गोड वाटते ती ऐकणाऱ्याला ओशाळवाणी वाटू शकते. घरची भांडणं, आजारपण, पैशांची अडचण, जुने वाद, एखादी फजिती, यांतलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय बोलू नये. म्हणून आठवण पडताळून घ्यावी लागते. एक तर तपशील बरोबर आहेत का, आणि दुसरं म्हणजे ती सांगितलेली चालेल का. या नमुन्यातल्या शिक्षकांनी मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांना ही गोष्ट पहिल्यापासून माहीत होती आणि त्यांची हरकत नव्हती. पण विचारल्यामुळे आणखी एक गोष्ट कळली. सकाळी गेलेली दोन मिनिटं मामा मधल्या सुट्टीतून भरून काढत. सुट्टी पस्तीस मिनिटांची, पण तेहतिसाव्या मिनिटाला घंटा व्हायची. मुलांच्या कित्येक तुकड्या मामांच्या नावाने ओरडल्या की मामा सुट्टी कापतात. का कापतात, हे मामांनी कोणालाच सांगितलं नाही. आता आठवणीला दुसरी बाजू मिळाली आणि तिच्यात सगळ्या शाळेला स्वतःची जागा सापडली. चौकशीला अर्धा तास गेला असेल. भाषणातला सगळ्यात जिवंत भाग त्या अर्ध्या तासातून आला.

आता भाषण सुरुवातीपासून बघू. सुरुवातीचा रिवाज असा की 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणून एकेका मान्यवराचं नाव घ्यायचं. चौथ्या-पाचव्या वक्त्यानेही तोच पाढा म्हटला की श्रोते कंटाळतात आणि मिनिटभर फुकट जातं. सगळ्यांची नावं प्रास्ताविकात झालेली असतात. नंतरच्या वक्त्याने एका वाक्यात सर्वांना नमस्कार करावा आणि सरळ सत्कारमूर्तीकडे वळावं. 'निरोप ही गोष्टच मुळी अवघड असते' किंवा 'आज बोलायला शब्द सुचत नाहीत' ही सुरुवातही टाळावी. पहिलं वाक्य सगळ्यांनाच ठाऊक असतं. दुसरं म्हणून माणूस पुढे दहा मिनिटं बोलतो, त्यामुळे त्यावर विश्वास बसत नाही. कवितेच्या ओळींनी सुरुवात करण्याची हौस पुष्कळांना असते, पण त्या ओळी कोणा दुसऱ्यासाठी लिहिलेल्या असतात. सुरुवातीने दोनच गोष्टी कराव्या: नातं सांगावं आणि आठवणीचं दार उघडावं. नमुन्यातली सुरुवात अशी:

'व्यासपीठावरच्या आणि समोरच्या सर्वांना नमस्कार. मामा, मामी, तुम्हालाही नमस्कार. बारा वर्षांपूर्वी मी या शाळेत आलो, तेव्हा मला पहिला चहा मामांनी दिला आणि प्रयोगशाळेची किल्लीही त्यांनीच दिली. पण त्या पहिल्या महिन्यात माझी एका गोष्टीवरून मामांबद्दल तक्रार होती. आज मी ती तक्रार तुम्हाला सांगणार आहे.'

इतकंच. साधारण चाळीस शब्द. बोलणारा कोण, किती वर्षांची ओळख, हे कळलं. निरोपाच्या भाषणात तक्रार ऐकू येईल असं कोणाला वाटलेलं नसतं, म्हणून मागच्या रांगेतली मुलंही मान वर करतात. 'मामी' हे संबोधन जाणूनबुजून घातलं आहे. सपत्नीक सत्कारात शेजारी बसलेल्या बाईंचा उल्लेख अनेकदा शाल-नारळापुरता होतो. नंतर सबंध कार्यक्रमात त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

आठवण सांगताना क्रम घडला तसाच ठेवावा आणि निष्कर्ष राखून ठेवावा. नमुना असा:

'प्रार्थनेची घंटा 10:40 ची. मी घड्याळ लावून बघायचो, ती कधीच 10:40 ला होत नसे. 10:42, कधी 10:43. एक दिवस मी ठरवलं की समोरासमोर विचारायचं. मी घंटेपाशी गेलो. मामा हातोडी घेऊन आधीच उभे होते. पण ते घंटेकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. मी म्हटलं, मामा, वेळ झाली. ते म्हणाले, झाली सर, पण गाडी आत्ता आली. फाट्यावरून मुलं पळत येत होती. दप्तरं सावरत, एकमेकांना ओढत. सगळ्यात मागे पाचवीतली एक मुलगी होती, तिची चप्पल तुटली होती, ती हातात चप्पल घेऊन येत होती. ती फाटकातून आत आली, आणि मामांनी टोला दिला. उशिरा येणाऱ्याला प्रार्थना होईपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं, हा आपला नियम. बारा वर्षांत एसटीने येणारं एकही मूल मी बाहेर उभं राहिलेलं पाहिलं नाही. आणि आता मुलांनो, तुमच्यासाठी. मधली सुट्टी दोन मिनिटं आधी का संपते, म्हणून तुम्ही मामांवर चिडता. तुमच्या आधीची मुलंही चिडायची. ती दोन मिनिटं सकाळी या मुलांसाठी खर्च झालेली असतात. शाळेचा वेळ बुडू नये म्हणून मामा ती परत घेतात. इतकी वर्षं तुमची बोलणी खाल्ली, पण कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्या मुलांना बोलला असता.'

यात 'प्रेमळ', 'वक्तशीर', 'निःस्वार्थी' यांपैकी एकही शब्द नाही. मामांच्या तोंडी एकच वाक्य आहे, आणि तेही ते बोलत तसंच. वेळ आकड्यांत सांगितली आहे, कारण सगळी गोष्टच दोन मिनिटांची आहे. तुटकी चप्पल हा तपशील बोलणाऱ्याने पाहिलेला आहे. नसता पाहिला तर घालायचा नव्हता. ऐकणाऱ्यांमध्ये तो प्रसंग माहीत असलेले चार जण तरी असतात आणि रचलेला तपशील त्यांच्या लगेच लक्षात येतो. शेवटचं वाक्य मात्र बोलणाऱ्याचा तर्क आहे. तो तर्क बरोबर आहे का, हे त्यांनी मामांनाच आधी विचारलेलं बरं, कारण दुसऱ्याच्या मनातला हेतू चारचौघांत सांगणं ही जबाबदारीची गोष्ट असते.

आठवणीत नेहमी होणारी आणखी एक चूक म्हणजे बोलणारा हळूहळू स्वतःबद्दलच बोलू लागतो. 'मी तेव्हा नवीन होतो, मी तेव्हा एन.सी.सी. बघत होतो, मी मुख्याध्यापकांना म्हटलं...' करत सत्कारमूर्ती बाजूला पडतात. उपाय असा की भाषण लिहून झालं की त्यातले 'मी' मोजावे. वरच्या आठवणीत बोलणारा दिसतो तो बघणारा म्हणून. काम मामा करतात. हे प्रमाण उलटं झालं तर आठवण बदलावी किंवा दुसऱ्या कोणाला बोलू द्यावं. एकापेक्षा जास्त आठवणी सांगण्याचा मोहही इथेच आवरावा. चार मिनिटांत तीन प्रसंग कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं, आणि तेवढ्यात कोणतीच मुलगी फाटकापर्यंत पोचत नाही.

शुभेच्छेचा भाग सगळ्यात लवकर साच्यात पडतो. 'पुढील आयुष्य सुखाचं, समाधानाचं, आरोग्याचं आणि भरभराटीचं जावो' हे वाक्य वाईट नाही, पण छापील कार्डावरही तेच असतं. 'आता तुमची दुसरी इनिंग सुरू' हेही इतकं वापरून झालं आहे की त्यातून काहीच कळत नाही. चांगल्या शुभेच्छेला दोन आधार लागतात. ती आठवणीतून निघालेली असावी आणि त्या माणसाच्या खऱ्या बेताला धरून असावी. त्यासाठी निवृत्तीनंतर तो काय करणार आहे हे विचारून घ्यावं लागतं. इथेही अंदाज महागात पडतो. 'आता नातवंडांत रमा' असं म्हणावं आणि त्या घरात नातवंडं नसावीत, किंवा 'आता आराम करा' म्हणावं आणि त्या माणसाला कर्जाच्या हप्त्यासाठी दुसरी नोकरी शोधावी लागत असावी, असं होतं. या नमुन्यात शिक्षकांनी मामींना विचारलं. मामांनी गावाकडच्या बांधावर केशर आंब्याची कलमं लावली आहेत आणि ती आता धरू लागली आहेत. जमीन गावाला, घर इथे. म्हणजे मामांना आता एसटीने बरंच जावं-यावं लागणार. त्यावरून शुभेच्छा अशी झाली:

'मामा, जूनपासून तुम्हाला 10:40 ची घाई नाही. मामी सांगत होत्या, आता तुम्ही बांधावरच्या कलमांकडे जाणार, आठवड्यातून दोन-तीनदा. तुम्हाला एकच मागतो. ज्या गाडीची तुम्ही वाट बघाल ती वेळेवर येवो. आणि कधी तुम्हालाच उशीर झाला, तर ड्रायव्हरने तुमच्यासाठी दोन मिनिटं गाडी थांबवावी. या भागातले दोन-तीन ड्रायव्हर आपल्याच शाळेचे आहेत, तेव्हा मला ते अवघड वाटत नाही. कलमं भरपूर फळं देवोत, आणि दोघांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो.'

सगळी शुभेच्छा नवीनच असली पाहिजे असं नाही. शेवटच्या वाक्यात प्रकृतीची इच्छा जुन्याच शब्दांत आहे, आणि ती तशीच असावी. वडीलधाऱ्या श्रोत्यांना ती ऐकायची असते आणि ती न आल्यास काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण ती आंब्यानंतर आणि एसटीनंतर आली, म्हणून ती मामांसाठीच म्हटलेली वाटते. उपदेश मात्र कुठेही नाही. बारा वर्षांची नोकरी झालेला माणूस साठीच्या माणसाला सांगणार काय?

समारोपाचं काम भाषण संपवण्याचं. तरी जास्तीत जास्त भाषणं इथेच रेंगाळतात. 'जाता जाता एवढंच सांगतो' म्हटल्यावर आणखी एक प्रसंग निघतो, मग 'शेवटी' म्हणून तिसरा, आणि 'माझे दोन शब्द संपवतो' म्हणेपर्यंत श्रोत्यांनी मनातल्या मनात दोनदा टाळ्या वाजवलेल्या असतात. समारोपात नवीन माहिती येता कामा नये. तिथे शब्दांनी एखाद्या कृतीला जागा करून द्यावी. आपल्या घरोघरच्या गणेशोत्सवात हे फार नेमकं केलेलं आहे. उत्तरपूजेत अक्षता वाहिल्या जातात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते. तेवढ्या हालचालीने निरोप झाला हे घरातल्या लहान मुलालाही समजतं. बरोबर शिदोरी दिली जाते आणि पुन्हा येण्याचं बोलावणं दिलं जातं. समारंभातही अशी एखादी कृती सापडली तर समारोपाला दोन-तीन वाक्यं पुष्कळ होतात. कधी सगळ्यांनी उभं राहायचं, कधी एखादी वस्तू हाती द्यायची, कधी निघणाऱ्या माणसाने त्याचं नेहमीचं काम एकदा करायचं. नमुन्यात कृती आठवणीतच तयार होती:

'मामा, आज शाळा सुटल्याची घंटा तुमच्या हातची. आज कोणाला गाडी गाठायची नाही, आम्ही सगळे थांबलो आहोत. तुम्हाला वाटेल तेव्हा द्या. नमस्कार.'

अशी कृती ठेवायची तर सूत्रसंचालकाशी आधी बोलून घ्यावं लागतं. नाही तर वक्ता खाली उतरतो आणि निवेदक पुढच्या पाहुण्यांचं नाव पुकारतो. घंटा कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, आभारानंतर ठेवायची असं ठरलं, तर वक्त्याने 'थोड्या वेळाने' हे दोन शब्द वाढवावेत. मामांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवावं. निवृत्तीच्या दिवशी माणूस आधीच हळवा झालेला असतो, त्याला सगळ्यांसमोर अचानक उभं करणं बरं नाही. शिवाय एप्रिलच्या त्या दिवशी एसटीने जाणारी मुलं खरंच निवांत आहेत का, तेही बघावं. शेवटची गाडी पाचला असेल आणि कार्यक्रम साडेपाचला संपणार असेल, तर 'कोणाला गाडी गाठायची नाही' हे वाक्य काढून टाकावं लागेल.

पूर्ण भाषण तयार झाल्यावर ते घड्याळ लावून, मोठ्याने, एकदा तरी वाचावं. मनात वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं. वरचा नमुना मोठ्याने वाचला तर अडीच-तीन मिनिटांत होतो, म्हणजे हशाला आणि एखाद्या आवंढ्याला जागा उरते. भाषण पाठ असावं का, यावर मतं वेगळी आहेत. पाठ केलेलं भाषण मध्येच तुटलं की सापडत नाही, आणि निरोपाच्या वेळी ते तुटण्याची शक्यता जास्त असते. कागद हातात असणं यात कमीपणा काही नाही. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडे मैदानावर आपला 200वा कसोटी सामना संपल्यावर सचिन तेंडुलकर बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात नावांची यादी होती, आणि कोणाचं नाव राहू नये म्हणून ती आणल्याचं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. ते निघणाऱ्याचं भाषण होतं, म्हणून त्यात आई-वडील, भावंडं, पत्नी, प्रशिक्षक असं ऋण मानणं मुख्य होतं. तरी रमाकांत आचरेकर सरांबद्दल बोलताना त्यानेही कृतीच सांगितली: सर त्याला स्कूटरवर बसवून एकाच दिवशी दोन-दोन सामने खेळायला न्यायचे. गुरूची तळमळ दाखवायला त्याला विशेषणांची गरज पडली नाही.

ही चार भागांची बांधणी प्रत्येक निरोपाला जशीच्या तशी लागू पडत नाही. बदली मनाविरुद्ध झाली असेल, तर शुभेच्छेचा भाग आखूड ठेवावा आणि नव्या जागेची स्तुती करू नये, कारण त्या माणसाला तिथे जायचं नसतं. कंपनीने माणसं कमी केल्यामुळे कोणी निघत असेल, तर 'नव्या संधी' हा शब्दही जखमेवर मीठ चोळतो. तिथे आठवण सांगावी, गरज लागली तर फोन करा असं मनापासून म्हणावं आणि थांबावं. शोकसभेत शुभेच्छा गेलेल्या माणसासाठी नसते, ती मागे राहिलेल्या घरच्यांना धीर देण्याच्या रूपात येते. समारोपही तिथे बहुधा मौनाचा असतो. आणि ज्या माणसाशी बोलणाऱ्याचं फारसं जमलं नाही, त्याच्या निरोपात खोटी जवळीक दाखवण्यापेक्षा त्याच्या कामातली एक खरी गोष्ट सांगून दीड मिनिटात बसणं केव्हाही चांगलं. एवढी एक खरी गोष्ट जवळजवळ प्रत्येक माणसाबद्दल सापडते, फक्त ती त्याच्याजवळ बसणाऱ्यांना विचारावी लागते.

भाषण झाल्यावर तो कागद नीट अक्षरात पुन्हा उतरवून सत्कारमूर्तीच्या हाती द्यावा. व्यासपीठावर बसलेल्या माणसाला त्या वेळी निम्मं ऐकू येत नाही, आणि घरच्या ज्यांना येता आलं नाही त्यांना ते वाचता येतं. येत्या 31 मे रोजी ज्यांच्यावर बोलायची पाळी आहे, त्यांनी शब्द शोधत बसू नये. आधी त्या माणसाच्या दोन सहकाऱ्यांना आणि घरच्या एकाला भेटून यावं.